घटस्फोटानंतर माहेरचं नाव: प्रतिज्ञापत्र ते राजपत्र

घटस्फोटाचा हुकूमनामा हाती आला की माहेरचं नाव आपोआप परत मिळतं, असा बऱ्याच जणींचा समज असतो. तसं होत नाही. न्यायालय लग्न संपवतं. आधार, पॅन, बँकेचं खातं यांवरचं नाव जसंच्या तसं राहतं. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असं कोणताही कायदा सांगत नाही, पण एकदा बदललं की ते परत फिरवायला कागद लागतात.

आपल्याकडे गुंता जास्त होतो, कारण लग्नात आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं आणि काही घरांत पहिलंसुद्धा. समजा, सुनीता दत्तात्रय जगताप लग्नानंतर सायली महेश शिंदे झाली. दहावीच्या गुणपत्रिकेवर सुनीता जगताप आहे आणि घटस्फोटाच्या हुकूमनाम्यावर सायली शिंदे. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर बहुधा माहेरचंच नाव असतं, त्यामुळे लग्न झालं एवढं त्यावरून सिद्ध होतं. सुनीता आणि सायली एकच, हे त्यातून दिसत नाही. ही सांधेजोड प्रतिज्ञापत्राने करायची असते.

म्हणून मसुद्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे: ‘विवाहापूर्वी माझे नाव सुनीता दत्तात्रय जगताप असे होते. विवाहानंतर मी सायली महेश शिंदे हे नाव वापरू लागले. ही दोन्ही नावे माझीच असून यापुढे मी सुनीता दत्तात्रय जगताप याच नावाने ओळखली जाईन.’ त्याआधी वय, व्यवसाय, पत्ता. नंतर विवाहाची तारीख, न्यायालयाचं नाव, अर्ज क्रमांक आणि हुकूमनाम्याची तारीख. शेवटी मजकूर खरा असल्याचं सत्यापन. कारणाच्या जागी ‘घटस्फोटामुळे’ एवढा शब्द पुरतो. सासरच्यांनी काय केलं हे काही जणी तपशिलाने लिहितात. त्या कागदाला त्याची गरज नसते आणि तो पुढे दहा टेबलांवर फिरणार असतो.

नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही लिहावं. शाळेच्या दाखल्यावर Dattatraya आणि पॅनवर Dattatray असेल, तर तो एक ‘a’ बँकेत अर्ज परत यायला पुरतो. पुढे कायम ठेवायचं स्पेलिंग आत्ताच ठरवावं आणि जुनी रूपं ‘ऊर्फ’ लावून त्याच प्रतिज्ञापत्रात नोंदवावीत.

सही आधी घरी करून नेऊ नये. ती नोटरीसमोर किंवा कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर करायची असते. नोटरीने केलं असेल तर शिक्का, तारीख आणि नोंदवहीतला अनुक्रमांक कागदावर आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावं. खाडाखोड झाली असेल तर तिथे छोटी सही हवी.

प्रतिज्ञापत्र म्हणजे तुमचं शपथेवरचं म्हणणं. ते जाहीर होतं राजपत्रात. महाराष्ट्रात शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करून शुल्क भरायचं. सोबत ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, जुन्या नावाचा पुरावा आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडायची. जाहिरात राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येते. अर्जात भरलेलं जसंच्या तसं छापलं जातं, म्हणून पैसे भरण्याआधी प्रत्येक अक्षर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं. वर्तमानपत्रातली जाहिरात हा वेगळा भाग आहे. ज्या कार्यालयात नाव बदलायचं आहे तिथे ती मागतात का, हे विचारूनच खर्च करावा. मागितलीच तर कात्रण पुरत नाही, तारखेसकट अख्खं पान जपून ठेवावं.

राजपत्राची प्रत मिळाली की आधी आधार, मग पॅन, मग बँक असा क्रम सोयीचा पडतो, कारण पुढची कार्यालयं आधारशी नाव ताडून पाहतात. इथे एक मर्यादा आहे. आधारवरचं नाव आयुष्यात सर्वसाधारणपणे दोनदाच बदलता येतं. लग्नानंतर एकदा बदललं असेल तर आता शेवटची संधी, त्यामुळे स्पेलिंगची चूक महागात पडते.

संमतीने घटस्फोट घेताना वकिलांना आधीच सांगून ठेवलं तर यातलं बरंच काम हलकं होतं. अर्जाच्या शीर्षकात ‘सायली महेश शिंदे ऊर्फ सुनीता दत्तात्रय जगताप’ असं लिहायला लावावं आणि पत्नी यापुढे माहेरचं नाव वापरील, असं कलम संमतीच्या अटींत घालावं. मग दोन्ही नावं न्यायालयाच्याच कागदावर एकत्र येतात आणि प्रतिज्ञापत्राला भक्कम आधार मिळतो. हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रती मात्र एकाऐवजी दोन-तीन काढून ठेवाव्यात. एखाद्या कार्यालयाने मूळ प्रत ठेवून घेतली तर दुसऱ्या ठिकाणचं काम अडत नाही.