‘पुढचा शुक्रवार’ म्हणजे कोणता?

२०२५च्या रमजानमधली गोष्ट. १२ मार्चला, बुधवारी, मी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर निरोप टाकला, ‘पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे इफ्तारला सगळ्यांनी यावे.’ माझ्या मनात २१ तारीख होती, कारण १४ला धूलिवंदन होते. पण समोरच्या काकू १४लाच, रंग धुऊन, होळीच्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन दारात हजर! चूक त्यांची नव्हती. दोन दिवसांवर आलेला शुक्रवारही ‘पुढचा’च असतो. त्या संध्याकाळी आम्ही खजूर आणि पुरणपोळीवर रोजा सोडला. २१ला मात्र काकू गावी होत्या आणि भरल्या दस्तरखानावर त्यांचीच जागा रिकामी राहिली.

तेव्हापासून मी वार आणि तारीख दोन्ही लिहितो : ‘शुक्रवार, २१ मार्च, सायंकाळी साडेसहापर्यंत.’ दोन्ही लिहिण्याचा एक फायदा असा, की तारीख टाकताना बोट चुकले तर वार जुळत नाही आणि कुणीतरी लगेच विचारते.

‘आज रात्री’ हा शब्द तर रमजानमध्ये फारच फसवा. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, पंचांगातला वार सूर्योदयाला आणि मोबाइलवरची तारीख रात्री बाराला बदलते. त्या वर्षी आपल्याकडे पहिला रोजा रविवारी, २ मार्चला होता. म्हणजे सव्विसावा रोजा गुरुवारी, २७ मार्चला. तो सोडताच सत्ताविसावी रात्र सुरू झाली, जी अनेक जण शब-ए-कद्र म्हणून जागून काढतात. नवख्या माणसाला मात्र ती सत्ताविसाव्या रोजानंतरची, म्हणजे शुक्रवारची रात्र वाटते आणि त्याचा एक दिवस चुकतो. म्हणून जागरणाच्या चहापाण्याचा निरोप मी असा लिहिला : ‘गुरुवार, २७ मार्चच्या रात्री दहापासून शुक्रवार, २८ मार्चच्या सहरीपर्यंत.’ हा निरोप बारानंतर वाचला तरी अर्थ बदलत नाही.

राहिली ईद. तिची तारीख चाँदवर अवलंबून, म्हणून आपण ‘लवकरच कळवतो’ लिहून मोकळे होतो. पण ज्याला रजा टाकायची असते, दूध सांगायचे असते, त्याने काय समजायचे? तारीख नक्की नसली तरी तिच्या दोन शक्यता नक्की असतात. मी लिहिले : ‘रविवारी, ३० मार्चला चाँद दिसला तर शिरखुर्मा सोमवारी, ३१ मार्चला, नाहीतर मंगळवारी, १ एप्रिलला. नक्की काय ते रविवारी रात्री नऊपर्यंत कळवतो.’

तो रविवार गुढीपाडव्याचा होता. संध्याकाळी चाँद दिसला आणि मी ग्रुपवर लिहिले, ‘सोमवार, ३१ मार्च, सकाळी १०.’ काकूंचे उत्तर लगेच आले : ‘३१ मार्च, सकाळी १०. या वेळी नक्की ना?’

नक्की होते. दहाच्या ठोक्याला बेल वाजली.