दोन याद्या जुळत्या ठेवताना

देवगडच्या एखाद्या हापूस बागायतदाराचं उदाहरण घेऊ. त्याची स्वतःची वेबसाइट आहे, ती वर्डप्रेसवर वूकॉमर्स लावून उभी केलेली. एप्रिल-मेमध्ये पेट्यांच्या ऑर्डरी तिथे येतात. पण पॅकिंगच्या शेडमधली माणसं काम करतात ती मोबाइलवरच्या गूगल शीटवर: कुणाचा पत्ता, किती डझन, पैसे आले की नाही, पेटी गेली की नाही. सुरुवातीला घरातलं कुणीतरी रोज रात्री वेबसाइटवरच्या ऑर्डरी शीटमध्ये उतरवून काढतं. हंगाम भरात आला की त्यात चुका होऊ लागतात आणि मग हे काम आपोआप व्हावं, असं वाटू लागतं.

दोन ठिकाणची माहिती अशी जुळती ठेवण्याला सिंक म्हणतात. पहिलं सिंक उभं करायला प्रोग्रॅमर लागत नाही. झॅपियर, मेक, एन-एट-एन अशी साधनं आहेत, ज्यांत पडद्यावर चौकटी जोडून फ्लो तयार करता येतो. एक चौकट सुरुवात करून देते, बाकीच्या त्यापुढची कामं करतात. आपण मेकमध्ये हा फ्लो कसा बांधला जातो ते पाहू.

मेक एक पत्ता तयार करून देतं, म्हणजे एक वेब लिंक. ती वूकॉमर्सच्या सेटिंगमधल्या वेबहुकच्या पानावर नेऊन चिकटवायची आणि निरोप कशाबद्दल हवा ते निवडायचं: नवी ऑर्डर आली की `order.created`, ऑर्डरमध्ये काही बदललं की `order.updated`. वेबहुक म्हणजे दारावरची बेल. ऑर्डर आली की वूकॉमर्स स्वतःहून ती वाजवतं, आपल्याला दर पंधरा मिनिटांनी जाऊन डोकवावं लागत नाही.

बेल वाजल्यावर शीटमध्ये एक ओळ घालणारी चौकट जोडली की फ्लो चालू झाल्यासारखा दिसतो. पहिल्या ऑर्डरीला सगळं ठीक असतं. मग ग्राहकाचे पैसे जमा होतात, ऑर्डर `pending`वरून `processing`वर जाते, पुन्हा बेल वाजते आणि शीटमध्ये त्याच ऑर्डरीची दुसरी ओळ पडते. पेटी रवाना झाली, `completed` झालं, की तिसरी. शेडमधल्या माणसाला एकाच गिऱ्हाइकाच्या तीन ओळी दिसतात, आणि त्याने तीन पेट्या भरल्या तर त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून ओळ घालण्याआधी शोधायचं. शीटच्या पहिल्या कॉलममध्ये ऑर्डर क्रमांक ठेवायचा, कारण तो कधी बदलत नाही. नाव किंवा फोन नंबर इथे चालत नाही, कारण एकच गिऱ्हाईक दोनदा ऑर्डर देतं. फ्लोमध्ये आता तीन पायऱ्या होतात. निरोप घ्या, त्या क्रमांकाची ओळ शोधा, आणि मग फाटा फोडा: सापडली तर तीच ओळ बदला, नाही तर नवी घाला. काहीच सापडलं नाही तर फ्लो शोधाच्याच पायरीवर थांबणार नाही ना, हे सेटिंगमध्ये पाहून घ्यावं लागतं. नाहीतर नव्या ऑर्डरी शीटपर्यंत पोचतच नाहीत.

आणखी एक निर्णय इथेच घ्यावा लागतो: कोणता कॉलम कुणाचा? शेडमधल्या माणसाने गिऱ्हाइकाला फोन करून पत्ता दुरुस्त केला आणि तो शीटमध्ये लिहिला. दुसऱ्या दिवशी ऑर्डरीची स्थिती बदलली, फ्लो चालला आणि वेबसाइटवरचा जुना पत्ता त्याने दुरुस्त पत्त्यावर पुन्हा लिहिला. हे टाळायचं तर शीटमधले काही कॉलम फक्त फ्लोने लिहायचे आणि काही फक्त माणसांनी. दुरुस्त पत्त्याला वेगळा कॉलम द्यायचा आणि ओळ बदलणाऱ्या चौकटीला तो ठाऊकच नसावा. सिंक पहिल्यांदा बांधताना ते एकाच दिशेने ठेवावं, ते यासाठीच. दोन्ही दिशांनी लिहायचं म्हटलं की शीटमधला बदल वेबसाइटवर जातो, तिथे ऑर्डर बदलल्याची बेल वाजते, फ्लो पुन्हा शीटमध्ये लिहितो, आणि हे चक्र थांबवण्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. मेकच्या मोफत योजनेत महिन्याला १००० क्रेडिट मिळतात आणि साधी चौकट एकदा चालली की एक क्रेडिट जातं. आपल्या फ्लोमध्ये एका निरोपाला तीन चौकटी, एका ऑर्डरीचे साधारण तीन निरोप, म्हणजे ऑर्डरीमागे नऊ क्रेडिट. मोफत योजनेत महिन्याला शंभर-एकशे दहा ऑर्डरी बसतात. चारशे ऑर्डरी आल्या तर ३६०० क्रेडिट लागतील आणि पैसे भरावे लागतील. पण एवढ्याने कोड लिहायला बसू नये. प्रोग्रॅमरच्या एका दिवसाच्या पैशांत अशी योजना बरेच महिने चालते.

कोडची गरज कधी पडते, हे पैशांवरून कळत नाही. ते चुकांच्या जातीवरून कळतं.

काही चुका फ्लोच्या आतच सुटतात. हंगामात एकाच ऑर्डरीचे दोन निरोप काही क्षणांच्या अंतराने येतात. मेकमध्ये असे निरोप मुळात एकाच वेळी, शेजारी-शेजारी चालवले जातात. पहिली फेरी शोधते, ओळ नाही. ती ओळ घालण्याआधीच दुसरी फेरी शोधते, तिलाही ओळ नाही. दोघी एकेक ओळ घालतात. शोधून घालण्याची काळजी घेऊनही शीटमध्ये जुळी ओळ दिसते, ती बहुधा यामुळे. ही चूक ओळखायची खूण म्हणजे दोन्ही ओळींची वेळ जवळजवळ एकच असते. यावर मेकमध्ये एकापाठोपाठ एक चालवण्याची सेटिंग आहे, ती लावली की काम भागतं. कोड लागत नाही.

निरोप उलट्या क्रमाने पोचले तरी गोंधळ होतो. `completed`चा निरोप आधी आणि `processing`चा मागाहून आला तर रवाना झालेली पेटी शीटमध्ये पुन्हा बाकी दिसते. यावरचा उपाय असा की निरोपात काय लिहिलं आहे त्यावर विसंबायचंच नाही. त्यातला फक्त क्रमांक घ्यायचा आणि वूकॉमर्सला त्या ऑर्डरीची आत्ताची स्थिती विचारायची. म्हणजे एक चौकट वाढली, आणि ऑर्डरीमागचे नऊ क्रेडिट बारा झाले. हेही फ्लोमध्ये जमतं.

जे जमत नाही ते वेगळं आहे. वूकॉमर्सला वेबहुकच्या पत्त्यावरून सलग अनेकदा नीट उत्तर मिळालं नाही, तर ते वेबहुक स्वतःच बंद करून टाकतं. मूळची मर्यादा पाच वेळांची आहे. महिन्याची क्रेडिट संपली, कुणी फ्लो बंद करून ठेवला, की हे घडू शकतं. नंतर फ्लो पुन्हा सुरू केला तरी बेल वाजतच नाही आणि मधल्या काळातल्या ऑर्डरी आपोआप परत येत नाहीत. मेकचा इतिहास उघडला तर तिथे एकही लाल खूण नसते, कारण जे आलंच नाही ते फसणार कसं? पहिली तक्रार गिऱ्हाइकाकडून येते: पैसे भरले, आंबे कुठे आहेत?

फ्लोचा स्वभावच इथे आड येतो. काही घडलं तर काय करायचं, एवढंच तो जाणतो. दोन याद्या आज जुळतात का, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्यासाठी दोन्ही याद्या समोर ठेवून ओळीला ओळ ताडून पाहावी लागते. चौकटींमधून तेही करता येतं, पण शेकडो ऑर्डरींपैकी प्रत्येकीसाठी शोधाची चौकट रोज रात्री चालणार म्हणजे क्रेडिट वितळणार, आणि फाट्यांचं जाळं असं वाढणार की महिन्याने ते बांधणाऱ्यालाही उमगणार नाही. हेच काम कोडमध्ये काही ओळींत होतं.

त्यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही. गूगल शीटसोबत अ‍ॅप्स स्क्रिप्ट येतं, त्यात जावास्क्रिप्ट लिहून ती रोज रात्री ठरल्या वेळी चालवता येते. वूकॉमर्सला अमुक वेळेनंतर बदललेल्या ऑर्डरी मागायच्या:

```
GET /wp-json/wc/v3/orders?modified_after=2025-05-01T00:00:00&dates_are_gmt=true&per_page=100&page=1
```

एका पानावर जास्तीत जास्त १०० ऑर्डरी येतात, म्हणून पानं संपेपर्यंत मागत राहायचं. `per_page` लिहिलंच नाही तर दहाच येतात, आणि बाकीच्या राहून गेल्याचं कळतही नाही. मग शीट एकदाच पूर्ण वाचायची आणि ताडायची:

```javascript
const rows = new Map(data.map((r, i) => [String(r[0]), i]));
for (const o of orders) {
  const id = String(o.id);
  if (rows.has(id)) {
    data[rows.get(id)][2] = o.status;
  } else {
    rows.set(id, data.length);
    data.push([id, o.total, o.status]);
  }
}
```

पहिली ओळ ऑर्डर क्रमांकांची सूची बनवते. पुढे क्रमांक सूचीत असेल तर स्थिती बदलते, नसेल तर नवी ओळ जोडते. फ्लोमध्ये जे शोधून-घालून केलं तेच हे आहे, फक्त प्रत्येक ऑर्डरीसाठी शीटकडे जावं लागत नाही. ही स्क्रिप्ट दोनदा चालली तरी काही बिघडत नाही, म्हणून मागच्या वेळेपेक्षा तास-दोन तास आधीपासूनच्या ऑर्डरी मागवल्या तर काठावर कुणी सुटत नाही. शीटमध्ये परत लिहिताना मात्र फ्लोचेच कॉलम लिहायचे, माणसांचे नाहीत.

कोडलाही मर्यादा आहेत. अ‍ॅप्स स्क्रिप्टची एक फेरी सहा मिनिटांत संपावी लागते, त्यामुळे पूर्ण वर्षाच्या ऑर्डरी एका दमात ताडायला जाऊ नये. वेबसाइटची गुप्त चावी कोडमध्ये न लिहिता स्क्रिप्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ठेवावी. वेबसाइटवरून कायमच्या पुसलेल्या ऑर्डरी बदललेल्यांच्या यादीत येत नाहीत, त्या शोधायला क्रमांकांची तुलना वेगळी करावी लागते. आणि ही स्क्रिप्ट बिघडली तर दुरुस्त कोण करणार, हे हंगामाआधी ठरलेलं हवं. चौकटींचा फ्लो उघडून पाहणं घरातल्या कुणालाही जमतं, कोडचं तसं नाही.

म्हणून फ्लो काढून टाकायचा नसतो. दिवसभर बेल ऐकून शीट ताजी ठेवायचं काम त्याचंच, रात्री ताडून पाहायचं काम स्क्रिप्टचं. आणि फ्लो आधी बांधणंच शहाणपणाचं, कारण कोणत्या स्थिती येतात, कोणता कॉलम कुणाचा, हे नियम तो चालवतानाच उमगतात. ते ठाऊक नसताना लिहिलेला कोड पुन्हा लिहावा लागतो.

वेळ आली का, हे मोजून ठरवता येतं. रोज रात्री वेबसाइटवरच्या आजच्या ऑर्डरी आणि शीटमधल्या आजच्या ओळी मोजा आणि फरक एका कॉलममध्ये लिहा. पंधरा दिवस शून्य राहिला तर फ्लो पुरेसा आहे, त्याला हात लावू नका. फरक पडला आणि तो का पडला हे मेकच्या इतिहासात सापडलं, तर सेटिंग दुरुस्त करा. फरक पडला आणि इतिहासात त्याचा मागमूसही नाही, तर मात्र रात्रीची स्क्रिप्ट लिहायला घ्या.