जिम, बीपी आणि मीठ : पोटॅशियम वाढवण्याआधी गोळीचे नाव पाहा

पस्तिशीतल्या, रोज जिमला जाणाऱ्या एका तरुणाचे उदाहरण घेऊ. रक्तदाब १५०/९६ निघाला. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली आणि मीठ कमी करायला सांगितले. जिममधल्या मित्राने त्यात भर घातली, ‘पोटॅशियम वाढव, लो-सोडियम मीठ आण.’ हा सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी आधी गोळीचे नाव पाहावे लागते.

मीठ नेमके किती खातो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी मीठ खावे. पण रोजचे मीठ मोजणार कोण? त्यापेक्षा सोपा उपाय आहे. मिठाची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. या तरुणाच्या घरात चार माणसे आहेत आणि एक किलोची पिशवी २५ दिवसांत संपते. म्हणजे रोज ४० ग्रॅम, माणशी १० ग्रॅम. बाहेरचे फरसाण, पाव, वडापाव यातले मीठ वेगळेच. ५ ग्रॅमचे लक्ष्य गाठायचे तर हीच पिशवी ५० दिवस पुरायला हवी. (लोणची घालण्याचा महिना या हिशेबात धरू नका.)

एकदम अळणी जेवण कोणाला रुचत नाही. आधी पिशवी ३५ दिवसांवर न्या. ताटातले वरचे मीठ, ताकातले मीठ आणि रोजचा पापड बंद केला तरी बराच फरक पडतो. आमटीत मीठ कमी पडल्यासारखे वाटले तर लिंबू, कोकम, लसूण, जिरे मदतीला येतात. काही आठवड्यांत जीभ सरावते. सैंधव मीठ मात्र पर्याय नव्हे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते.

घाम गेला, मग मीठ नको का?

जिममध्ये जाणाऱ्यांची गल्लत होते ती इथे. तासाभराच्या व्यायामानंतर साधे पाणी पुरते. घामातून गेलेले मीठ पुढच्या जेवणातून भरून निघते. एक लिटर पाण्यात बनवलेल्या ओआरएसमध्ये मात्र साधारण सव्वाचार ग्रॅम मिठाइतके सोडियम असते. ते रोज प्यायले की घरात वाचवलेले मीठ बाटलीतून परत येते. जुलाब झाले तर ओआरएस घ्यायलाच हवे, आणि त्या दिवसांत बीपीची गोळी कशी घ्यायची हे डॉक्टरांना विचारावे.

पोटॅशियम कुठून आणि किती?

पोटॅशियममुळे मूत्रपिंड जास्त सोडियम बाहेर टाकते आणि रक्तवाहिन्या थोड्या सैलावतात. त्याचा रक्तदाबाला खरोखर फायदा होतो. त्यासाठी महागडी पावडर लागत नाही. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. राजमा, मूग, पालक, बटाटा, दही, शहाळे यांतही ते भरपूर असते. व्यायामानंतर खारे दाणे खाण्याऐवजी केळे आणि दही खाल्ले, तर सोडियम घटते आणि पोटॅशियम वाढते.

आता गोळीकडे वळू. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल अशा औषधांमुळे मूत्रपिंड पोटॅशियम कमी प्रमाणात बाहेर टाकते. स्पायरोनोलॅक्टोनमुळे तर आणखीच कमी. मूत्रपिंड निरोगी असेल तर रोजच्या जेवणातल्या फळ-भाज्यांनी सहसा बिघडत नाही. धोका लो-सोडियम मिठाचा आहे, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाच्या ५ ग्रॅममधून सुमारे ६५० मिलिग्रॅम पोटॅशियम जाते, म्हणजे दीड केळ्याहून जास्त. शिवाय ते नकळत, प्रत्येक घासातून. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे मीठ टाळावे आणि वरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये. मीठ सगळ्या घरासाठी एकच असते, तेव्हा घरातल्या आजी-आजोबांच्या गोळ्याही पाहा.

रक्तात पोटॅशियम वाढले तरी अनेकदा काहीच जाणवत नाही. कधी स्नायूंत अशक्तपणा येतो, कधी छातीत धडधडते. जिममध्ये जाणाऱ्याला तो थकवाच वाटतो. छातीत धडधड, चक्कर किंवा अचानक अशक्तपणा आला तर लगेच डॉक्टरांना गाठावे. पण खरे उत्तर रक्ततपासणीतच मिळते. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासतात. पोटॅशियम सहसा ३.५ ते ५ च्या दरम्यान असावे. तपासणीआधी क्रिएटिन पावडर घेत असल्याचे सांगा. तिच्यामुळे मूत्रपिंड ठीक असूनही क्रिएटिनिनचा आकडा वाढू शकतो. अंगदुखीसाठी परस्पर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेत असाल तर तेही सांगा. या गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि बीपीच्या औषधासोबत मूत्रपिंडावर ताण आणतात.

रक्तदाब घरी मोजताना व्यायामानंतर लगेच मोजू नका. सकाळी, गोळीआधी, पाच मिनिटे शांत बसून मोजा आणि आकडे लिहून ठेवा. मीठ कमी झाल्यावर बेंचवरून उठताना चक्कर येऊ लागली, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस कमी करायचा का, हे ते ठरवतील. तोवर गोळी परस्पर बंद करू नका.