शेवटच्या दोनशे रुपयांचा हिशेब

ऐरोलीत माइंडस्पेसमधल्या ऑफिसांना डबे पुरवणारं एखादं स्वयंपाकघर आहे, असं समजू. फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज १,००० रुपयांची जाहिरात चालते आणि व्हॉट्सॲपवर २० चौकश्या येतात. चौकशी ५० रुपयांना पडली. आता बजेट एकदम पाच हजार करावं, असं मालकिणीला वाटणं साहजिक आहे. पण चौकश्या सहसा पाचपट होत नाहीत.

जाहिरात कुणाला दाखवायची हे मेटाची यंत्रणा दर वेळी लिलावातून ठरवते, आणि कोण मेसेज करील याचा अंदाज आधीच्या निकालांवरून बांधते. हा अंदाज बसायला एका ॲड सेटला आठवड्यात साधारण ५० निकाल लागतात, असं मेटा सांगते. तोवर Delivery च्या रकान्यात Learning दिसतं आणि दर वरखाली होतो. फोटो, प्रेक्षक किंवा उद्दिष्ट बदललं की शिकणं पुन्हा पहिल्यापासून. बजेटचं मात्र किती वाढवलं यावर आहे. मेटाचंच उदाहरण आहे: १०० डॉलरचे १०१ केल्याने काही बिघडत नाही, १,००० केले तर बिघडू शकतं. मधली रेषा कंपनीने आखून दिलेली नाही. म्हणून जाहिरातींच्या धंद्यातले लोक एका वेळी २० टक्के वाढवतात आणि तीन-चार दिवस हात लावत नाहीत. एखाद्या दिवशी यंत्रणा बजेटपेक्षा जास्त खर्च करते आणि आठवड्यात ते भरून काढते, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून घाबरू नये.

शिकणं शाबूत राहिलं तरी दर चढतोच, कारण यंत्रणा स्वस्तात मिळणारी माणसं आधी उचलते. समजा, १,२०० रुपयांत २३ चौकश्या आल्या. सरासरी ५२, पण वाढीव २०० रुपयांत तीनच आल्या. त्या ६७ला पडल्या. १,४४०ला २६ आल्या, तर शेवटच्या तीन ८०ला. १,७३०ला २९ आल्या, तर सरासरी अजून साठच्या आत दिसते, पण शेवटच्या तीन जवळपास ९७ला पडलेल्या असतात. पाच चौकश्यांमागे एक गिऱ्हाईक आणि त्यामागे ४५० रुपये नफा असेल, तर चौकशी ९०पर्यंतच परवडते. म्हणजे १,४४०वर थांबायचं. स्क्रीनवर सरासरीच दिसते. हा हिशेब वहीत मांडावा लागतो.

ऐरोलीत ही मर्यादा लवकर येते. पश्चिमेला खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर. नकाशावरच्या वर्तुळाचा बराच भाग असा रिकामा जातो. त्याच माणसांना जाहिरात पुन्हापुन्हा दिसते, Frequency चढते आणि चौकश्या रोडावतात. तेव्हा चालू सेटमध्ये घणसोली किंवा पुलापलीकडचं मुलुंड घालू नका, नाहीतर त्याचं शिकणं मोडेल. वेगळा सेट करा आणि त्यालाही त्याचे ५० निकाल मिळतील एवढे पैसे द्या. नव्या भागात चौकशी ७० रुपये धरली, तर ते रोजचे ५०० होतात.