लाल डोळ्याचा फोटो: आधी बुबुळ पाहा

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ आली, तेव्हापासून लाल डोळ्याचा फोटो काढून नेत्रतज्ज्ञाला पाठवायची सवय घरोघरी लागली आहे. माझ्या फोनवरही असे फोटो येतात. त्यातल्या दोन नमुन्यांवरून बरंच काही समजतं.

पहिला फोटो शाळकरी मुलाचा. दोन्ही डोळे लालभडक, पापण्या सुजलेल्या, केसांना पिवळी चिपडं. दुसरा ५८ वर्षांच्या बाईंचा. एकच डोळा लाल, तोही बेताचा, चिपडं अजिबात नाहीत. मुलाला मी स्वच्छता आणि घरी विश्रांती सांगेन. बाईंना मात्र, रात्रीचे अकरा वाजले असले तरी, लगेच दवाखाना गाठायला सांगेन.

गैरसमज: डोळा जितका लाल, तितका आजार गंभीर.

वस्तुस्थिती: लाली किती आहे यापेक्षा ती कुठे आहे आणि बुबुळ कसं दिसतंय, याला महत्त्व आहे. डोळे येतात तेव्हा सूज पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याला आणि पापणीच्या आतल्या अस्तराला येते. खालची पापणी हलकेच ओढली तर आतली बाजू लालबुंद दिसते आणि बुबुळाकडे जाताना लाली फिकी होत जाते. आतल्या आजारात उलट होतं. बुबुळाच्या कडेला लागून जांभळट लाल कडं उमटतं आणि बाहेर जाताना ते विरतं.

लालीचं सर्वात भयंकर चित्र तर बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. जोरात खोकल्यावर किंवा शिंकल्यावर पांढऱ्या भागावरची एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि कुंकू सांडल्यासारखा डाग पसरतो. दुखत नाही, नजर स्वच्छ असते, दोन आठवड्यांत तो आपोआप जिरतो. डोळ्याला मार लागला असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा असं वारंवार होत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

गैरसमज: साथ चालू आहे, डोळा लाल आहे, म्हणजे डोळेच आलेत.

वस्तुस्थिती: आता बाईंचा फोटो मोठा करून पाहू. खिडकीजवळ काढलेल्या फोटोत बुबुळावर खिडकीचं प्रतिबिंब पडतं. मुलाच्या बुबुळावर गजसुद्धा मोजता येतात. बाईंच्या लाल डोळ्यात तीच चौकट फिसकटलेली आहे आणि बुबुळ फुंकर मारलेल्या आरशासारखं धुरकट झालं आहे. अशा डोळ्यात बाहुलीही दुसऱ्या डोळ्यापेक्षा मोठी असते आणि बॅटरीचा प्रकाश टाकला तरी लहान होत नाही.

हे सगळं एकाच कारणाने घडतं. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कोपऱ्यातल्या जाळीतून ते बाहेर जातं. काही डोळ्यांत हा कोपरा जन्मतःच अरुंद असतो आणि वयाबरोबर आतलं भिंग जाड झालं की आणखी चिंचोळा होतो. अंधारात बाहुली मोठी होते तेव्हा तो अचानक बंद पडू शकतो. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ असतो, तो काही तासांत ५० च्याही वर जातो. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, पाणी सतत बाहेर उपसत असते म्हणूनच स्वच्छ राहते. एवढ्या दाबापुढे तिचा उपसा अपुरा पडतो, काच पाण्याने फुगते आणि धूसर होते. म्हणूनच अशा रुग्णाला दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात.

हा काचबिंदूचा तीव्र झटका. यात डोळ्याबरोबर अर्धं डोकं ठणकतं आणि उलट्याही होतात, म्हणून घरात ‘पित्त झालंय’, ‘अर्धशिशी उठलीय’ असं म्हणून गोळी दिली जाते आणि रात्र निघून जाते. इतक्या दाबाखाली डोळ्याच्या मागची नस मरू लागते आणि मेलेली नस परत जिवंत होत नाही. वेळेत पोहोचलं तर थेंब, गोळ्या, गरज पडल्यास सलाइनमधून औषध देऊन दाब उतरवतात. मग लेसरने बाहुलीच्या पडद्याला बारीक छिद्र पाडतात, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळते. दुसऱ्या डोळ्याची घडण बहुधा तशीच असते, म्हणून तिथेही हे छिद्र पाडून ठेवतात.

गैरसमज: मागच्या वेळच्या थेंबांनी बरं वाटलं होतं, तेच घालावेत.

वस्तुस्थिती: ऊस तोडताना पातं लागलं, मळणीत कुसळ गेलं, मग दोन दिवसांनी डोळा लाल झाला, ही आपल्याकडची नेहमीची हकिगत. फोटोत बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढुरका ठिपका दिसतो. ती बुबुळावरची जखम असते, आणि पाल्यापाचोळ्याच्या माराने ती बुरशीची असू शकते. घरातल्या जुन्या बाटलीत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, ठणका कमी होतो, पण आतली बुरशी फोफावते. आठवडाभराने रुग्ण येतो तेव्हा ठिपक्याचा चट्टा झालेला असतो. जखम भरली तरी तिथे फूल पडतं आणि नजर जाते. एरंडेल, मध, गुलाबपाणी यांनीही जखमेत जंतू जायची भीती असते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा दुखून लाल झाला तर लेन्स काढून त्याच दिवशी तपासणीला जावं.

गैरसमज: फोटो पाठवला, म्हणजे डोळा तपासून झाला.

वस्तुस्थिती: चांगला फोटो धोका दाखवू शकतो, पण धोका नाही याची खात्री देऊ शकत नाही. दुखणं फोटोत येत नाही, नजर किती कमी झाली ते येत नाही, दाब तर मुळीच येत नाही. आपल्या गडद तपकिरी डोळ्यांत बाहुली कुठे संपते हेही फोटोत नीट कळत नाही. फ्लॅशच्या झगमगाटात बारीक ठिपका लपतो आणि चेहरा उजळवणारं फिल्टर तर धूसरपणाच पुसून टाकतं.

म्हणून फोटो दिवसा खिडकीशी, मागच्या कॅमेऱ्याने, फिल्टर बंद करून काढा. एकात दोन्ही डोळे समोर बघताना येऊ द्या, म्हणजे तुलना करता येते. दुसरा फक्त लाल डोळ्याचा, जवळून. तिसरा खालची पापणी ओढून. डोळा दाबू नका. रात्र असेल आणि ठणका असेल, तर फोटोसाठी सकाळ व्हायची वाट पाहू नका.

फोटोबरोबर तीन उत्तरं लिहून पाठवा. चांगला डोळा झाकून लाल डोळ्याने कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येतात का? पापणी मिटून उघडल्यावर धूसरपणा जातो का? डोळा नुसता खुपतो, की आतून ठणकतो आणि उजेड सहन होत नाही? डोळे आले असतील तर चिपडांमुळे आलेला धूसरपणा पापणी मिटताच निघून जातो आणि वाळू गेल्यासारखं खुपतं. नजर कमीच राहिली, आतून ठणकलं किंवा बुबुळ धुरकट दिसलं, तर यातलं एक कारणही त्याच दिवशी, रात्री असेल तर त्याच रात्री, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला पुरेसं आहे.

मुलाच्या फोटोतही एक अट राहते. साथीचे डोळे बहुधा एक-दोन आठवड्यांत निवळतात, पण कधी कधी लाली ओसरत असतानाच कॉर्नियावर बारीक ठिपके येऊन नजर अंधुक होते. म्हणून त्याच्या आईला मी सांगेन, रोज सकाळी चिपडं पुसून झाली की एकेक डोळा झाकून त्याला कॅलेंडर वाचायला लावा. ज्या दिवशी तारखा पुसट दिसतील, त्या दिवशी फोटो पाठवू नका, त्याला घेऊन या.