कोड कुणाचा, गिऱ्हाईक कुणाचं?

रीलमधली मुलगी सीरमचे दोन थेंब गालावर सोडते, बोटांनी हलकेच थापते आणि शेवटच्या तीन सेकंदांत सांगते, ‘माझा कोड टाका, पंधरा टक्के सूट मिळेल.’ महिनाअखेरीस ब्रँडची मालकीण वेबसाइटचा हिशेब उघडते. त्या कोडवर 180 ऑर्डरी आलेल्या असतात. इन्फ्लुएन्सरला दिलेले 30 हजार वसूल झाले, असं तिला वाटतं.

पण कोड नेमकं काय मोजतो? पैसे भरताना चिठ्ठी कुणी दाखवली, एवढंच. दुकानात कुणामुळे पाऊल पडलं, हे त्यात नसतं. युक्ती तशी जुनी आहे. अमेरिकी जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी 1923 साली ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात मांडलेली पद्धतही याच जातीची होती: प्रत्येक जाहिरातीतल्या कूपनावर वेगळी खूण छापायची, मग टपालानं कोणती कूपनं किती परत आली ते मोजायचं. फरक इतकाच की कात्रीनं कापलेलं कूपन एकाच घरातून यायचं, आजचा कोड मात्र तासाभरात देशभर फिरतो.

तो कसा फिरतो, ते आधी पाहू. वेबसाइटवर पैसे भरण्याच्या पानावर ‘कूपन कोड टाका’ अशी रिकामी चौकट असते. ती दिसली की ज्याच्याकडे कोड नाही, त्यालाही आपण काहीतरी गमावतोय असं वाटतं. मग तो दुसरी खिडकी उघडून ब्रँडचं नाव आणि ‘कूपन’ असं शोधतो. कूपन गोळा करणाऱ्या एखाद्या साइटवर त्याला तोच कोड सापडतो. या माणसाचा निर्णय झालेलाच होता. त्यानं रील पाहिलेलं नाही, तरी हिशेबात त्याचं श्रेय इन्फ्लुएन्सरला जातं आणि पंधरा टक्के मालकिणीच्या खिशातून जातात.

काउंटरवरच्या या श्रेयाचं मोठं भांडण डिसेंबर 2024 मध्ये जगभर गाजलं. पेपालनं 2020 मध्ये सुमारे चार अब्ज डॉलरला घेतलेलं ‘हनी’ हे ब्राउझरमधलं साधन ग्राहकासाठी आपोआप कोड शोधून देतं. ग्राहक ज्या इन्फ्लुएन्सरच्या लिंकवरून आला, तिची खूण पुसून हनी शेवटच्या क्षणी स्वतःची खूण लावतं आणि कमिशन घेतं, असा आरोप एका यूट्यूबरनं केला. शेवटच्या क्लिकला श्रेय देणं ही या धंद्याची रीतच आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. रीत आहे हे खरंच, आणि अडचणही तिथेच आहे.

म्हणून कोड बनवतानाच थोडी खबरदारी घ्यावी लागते. प्रत्येक इन्फ्लुएन्सरला वेगळा कोड द्यायचा, शक्य तर प्रत्येक रीललाही. `NEHA15` सारखा कोड कुणीही अंदाजानं टाकून पाहील, पण अगदी अवघड कोडही चालत नाही, कारण लोक तो ऐकून टाइप करतात. ‘त्वचा’ हा शब्द कुणी `TVACHA` लिहील, कुणी `TWACHA`. अशा वेळी दोन्ही स्पेलिंगचे कोड चालू करून एकाच नावावर मोजलेले बरे. कोड फक्त पहिल्या ऑर्डरीला, एका ग्राहकाला एकदाच आणि चौदा दिवसांपुरताच चालावा. ग्राहक नवा की जुना हे ईमेलपेक्षा मोबाइल नंबरावरून ओळखावं, कारण सूट मिळवायला नवा ईमेल काढणं सोपं असतं. आणि सगळ्यांना सूट सारखीच द्यायची. एकीला दहा आणि दुसरीला वीस टक्के दिले, तर तुलना सुटींची होते, माणसांची होत नाही.

आता त्या 180 ऑर्डरी उलगडू. आकडे काल्पनिक आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. सीरमची किंमत 600 रुपये धरू. सूट जाऊन 510 राहतात. त्यातला 18 टक्क्यांचा जीएसटी वजा केला की हातात 432 येतात. सीरम, बाटली आणि खोका यांचे 120 गेले, कुरियर आणि पैसे भरण्याचं शुल्क वगैरे मिळून 102 गेले. एका ऑर्डरीमागे उरतात 210 रुपये. पूर्ण किमतीला विकलं असतं तर 286 उरले असते.

कॅश ऑन डिलिव्हरीच्या काही पार्सलांना दारातच नकार मिळतो. 180 पैकी 24 परत आली, तर 156 उरली. परत येणाऱ्या प्रत्येक पार्सलाचा जाण्या-येण्याचा भुर्दंड 130 रुपये धरला, तर 32,760 मधून 3,120 वजा होऊन 29,640 हातात येतात. तीस हजारांचा खर्च जेमतेम निघाल्यासारखा दिसतो. बहुतेक छोटे ब्रँड इथवर येऊन थांबतात. पुष्कळ जण तर पार्सलं परत येण्याआधीच थांबतात.

इथे कोड ‘पहिल्या ऑर्डरीलाच’ अशी अट मालकिणीनं घातली नव्हती, असं धरू. मग 156 मोबाइल नंबर जुन्या यादीशी ताडून पाहिले तर 46 जुनेच निघतात. बाटली संपत आली होती आणि कोड समोर आला, म्हणून त्यांनी वापरला. आणखी 30 ऑर्डरी आसाम-पंजाबकडच्या आहेत आणि त्या रील थंड पडल्यानंतर, बाराव्या-तेराव्या दिवशी आल्या आहेत. मराठी रीलचा कोड गुवाहाटीत एवढा चालू लागला, तर तो कूपन साइटवर पोहोचला असं समजायला हरकत नाही. राहिले 80.

म्हणजे खरा आकडा 80 का? तोही नाही, कारण कोड दुसऱ्या बाजूनंही चुकतो. कुणी रील पाहून नाव लक्षात ठेवतं आणि आठवड्यानं नायका किंवा ॲमेझॉनवरून तेच सीरम मागवतं. तिथे ब्रँडचा कोड चालत नाही. कुणी व्हॉट्सॲपवर ऑर्डर देतं, कुणी कोड विसरतं. या लोकांना शोधायला ऑर्डर झाल्यावरच्या पानावर एक प्रश्न विचारता येतो: ‘आमच्याबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?’ उत्तरांतून दिशा कळते, मोजमाप मात्र ढिलं राहतं. सहा रील पाहिलेला माणूस सरळ ‘इन्स्टाग्राम’ लिहून मोकळा होतो.

खरा प्रश्न असा आहे की रील आलंच नसतं तर किती विक्री झाली असती? याचं उत्तर शोधण्याची पद्धत ईबेच्या एका प्रयोगातून नीट समजते. गूगलसारख्या शोधयंत्रांवर कुणी ‘ईबे’ असं शोधलं की वरती ईबेचीच जाहिरात दिसे आणि तिच्यावरच्या क्लिकांमधून भरपूर विक्री झाल्याचं हिशेबात दिसे. 2012 मध्ये कंपनीनं याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाची ही जाहिरात बंद करून पाहिली. जाहिरातीतून येणाऱ्यांपैकी 99.5 टक्के लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आलेच. टॉम ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास 2015 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त छापून आला. ज्याला दुकानात यायचंच होतं, त्याला दारातला पाटीवाला आणत नव्हता.

छोट्या ब्रँडला हाच प्रयोग पिनकोडांवर करता येतो, आणि प्रादेशिक भाषेतलं रील त्यासाठी फार सोयीचं असतं. मराठी रील मुख्यतः महाराष्ट्रात पाहिलं जातं. म्हणून महाराष्ट्रातली विक्री एका बाजूला ठेवायची आणि जिथे रील फारसं पोहोचत नाही अशा गुजरात, कर्नाटक, तमिळनाडूतली एकत्र विक्री दुसऱ्या बाजूला. कोड असो वा नसो, पोहोचलेल्या सगळ्या ऑर्डरी मोजायच्या. नायका-ॲमेझॉनच्या राज्यवार याद्या मिळत असतील तर त्याही धरायच्या.

समजा, रीलआधीच्या चार आठवड्यांत महाराष्ट्रात रोज 40 ऑर्डरी होत्या आणि त्या तीन राज्यांत मिळून 50. रीलनंतरच्या चौदा दिवसांत महाराष्ट्र 49 वर गेला आणि ती राज्यं 52.5 वर. रील नसतानाही तिथे पाच टक्के वाढ झाली, म्हणजे हवा बदलली असेल किंवा पगाराचा आठवडा असेल. तीच पाच टक्के वाढ महाराष्ट्रालाही दिली, तर अपेक्षित आकडा 42 येतो. रोजच्या सात जादा ऑर्डरी, चौदा दिवसांच्या 98. कोडचे 156 फुगलेले होते, गाळलेले 80 आखडलेले.

या पद्धतीला पंचांगाचं भान लागतं. गणपतीच्या तोंडावर महाराष्ट्रातली खरेदी तशीही वाढते, त्या वाढीचं श्रेय रीलला देऊन बसाल. रीलनंतरचे पुढचे दोन आठवडेही पाहावे लागतात. सूट होती म्हणून लोकांनी पुढच्या महिन्याची बाटली आताच घेतली असेल, तर तिथे खड्डा दिसतो आणि तो 98 मधून वजा करावा लागतो.

त्याहून मोठी अडचण लहानपणाची आहे. ऑर्डरींचा आकडा रील नसतानाही खालीवर होत असतो, आणि हा झोका साधारण त्या आकड्याच्या वर्गमुळाएवढा असतो. 588 अपेक्षित असतील तर 24 इकडे-तिकडे होणं रोजचंच, 48 देखील नवल नाही. त्यात आधीच्या चार आठवड्यांचा आणि दुसऱ्या राज्यांचा झोका मिळवला, तर 98 चा अर्थ प्रत्यक्षात ‘20 ते 176 च्या मधे कुठेतरी’ असा होतो. ज्या ब्रँडच्या महाराष्ट्रात रोज आठच ऑर्डरी आहेत, त्याला या प्रयोगात एका रीलचा परिणाम दिसणारच नाही. त्यानं चार-पाच मराठी रील एकाच पंधरवड्यात लावून त्यांचा एकत्र परिणाम मोजावा. मग त्या एकत्र आकड्यातला कुणाचा वाटा किती, याचा अंदाज घ्यायला कोड कामाला येतो.

98 वर हिशेब केला तर? कोडवाल्या आणि बिनकोडवाल्या ऑर्डरी मिळून सरासरी 230 रुपये धरले, की 22,540 होतात. तशाही येणाऱ्या 76 जणांना उगाच दिलेली सूट 5,776, परत आलेली पार्सलं 3,120 आणि मानधन 30,000 वजा केलं, की तोटा सुमारे 16 हजारांचा. वरचं टोक, म्हणजे 176 खरं असेल, तर दीड हजार नफा. खालचं टोक खरं असेल, तर 34 हजारांचा खड्डा.

हा तोटा भरून निघायचा तर 98 नव्या ग्राहकांपैकी 58 जणांनी पूर्ण किमतीत आणखी एक बाटली घ्यायला हवी. तीस मिलीलिटरची बाटली साधारण दोन महिने पुरते, म्हणून कोडची यादी साठाव्या ते नव्वदाव्या दिवशी पुन्हा उघडायची असते. समजा, 30 हजार घेणारीच्या कोडवरच्या 80 नव्या ग्राहकांपैकी 12 परतले. दुसरी इन्फ्लुएन्सर आहे एक लहान खातं चालवणारी, तिनं 9 हजार घेतले होते आणि तिच्या कोडवर जेमतेम 35 नवे आले होते. त्यांतले 14 परतले. महिनाअखेरीच्या पहिल्या हिशेबात ती यादीच्या तळाशी होती आणि तिचं पुढचं रील रद्द करायचं ठरलं होतं.