डोळ्यात उतरलेलं रक्त

रात्रभर कोरड्या खोकल्याने हैराण झालेले ५८ वर्षांचे एक गृहस्थ सकाळी दाढी करायला आरशासमोर उभे राहतात, तर उजव्या डोळ्याचा अर्धा पांढरा भाग लालभडक! दुखत नाही, चिकट घाण येत नाही, दिसतंही नेहमीसारखं. घरातले मात्र ‘डोळे आले’ म्हणून हातरुमाल वेगळा करायच्या तयारीत. ही साथ नव्हे आणि हे रक्त डोळ्याच्या आतही गेलेलं नाही.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक आवरण असतं. त्याच्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या खोकला, शिंक, उलटी किंवा शौचाच्या वेळी जोर केल्याने अचानक वाढलेल्या दाबापुढे कधीकधी टिकत नाहीत. एखादी फुटते आणि थेंबभर रक्त आवरणाखाली पसरतं. थर इतका पातळ की थोडं रक्तही भयंकर दिसतं. बुबुळाच्या कडेशी हे आवरण घट्ट चिकटलेलं असल्याने लाली तिथे येऊन थांबते. म्हणून दिसण्यावर परिणाम होत नाही.

अंगावर मुका मार लागला की काळंनिळं पडतं, मग इथेच रंग लालभडक का? या पातळ आवरणातून हवेतला ऑक्सिजन रक्तापर्यंत पोचत राहतो, म्हणून ते ताज्यासारखं लाल दिसतं. पहिल्या एक-दोन दिवसांत डाग पसरू शकतो. पुन्हा रक्तस्राव झाला असं त्यावरून लगेच समजू नये. साचलेलं रक्तच खाली सरकत असतं. पुढे शरीरातल्या पेशी ते हळूहळू शोषून घेतात, डाग पिवळसर होतो आणि साधारण एक ते तीन आठवड्यांत नाहीसा होतो. कुठलाही थेंब हे काम लवकर उरकत नाही. खुपल्यासारखं वाटलं तर डोळे ओले ठेवणारे साधे थेंब पुरतात. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब मागून आणणं मात्र शुद्ध वेडेपणा, कारण त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो.

आपल्या गृहस्थांनी दोन गोष्टी कराव्यात. खोकल्यावर उपचार घ्यावेत आणि रक्तदाब मोजून घ्यावा. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डाग पाहून ती स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. त्या गोळीचं काम डागापेक्षा फार मोठं असतं.

डोळा दुखत असेल, अंधुक दिसत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा डोळ्याला मार लागून रक्त आलं असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. डाग वारंवार येत असेल किंवा हिरड्यांतून, नाकातूनही रक्त येत असेल, तर रक्ताची तपासणी करून घ्या.